अनारसे ‘हसले’ आणि चार्ट म्हणाला लोक खुश आहेत: कमेंटवरून पुढचा व्हिडिओ ठरवायची एक केस

(चॅनल, माणसं, गाव यांची ओळख लपवली आहे. कमेंट्सचे शब्द थोडे बदललेत, मतलब तोच ठेवलाय.)

पार्श्वभूमी

चॅनल घरगुती. सांगलीकडच्या एक काकू स्वयंपाक करतात, सून शूट आणि एडिटिंग बघते, मी सुनेची जुनी ऑफिसमधली मैत्रीण, डेटाचं काम करते म्हणून यात ओढले गेले. आठवड्याला एकच व्हिडिओ निघतो कारण काकूंच्या घरचं सगळं सांभाळून तेवढंच जमतं, त्यामुळे पुढचा विषय कुठला हा प्रश्न त्यांच्यासाठी खरंच महागाचा आहे, एक विषय फुकट गेला की आठवडा गेला.

२०२२ च्या दिवाळीआधी त्यांनी अनारशांचा व्हिडिओ टाकला. रीत नेहमीचीच, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून पंचावर पसरून सावलीत सुकवायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून थोडं तूप घालून गोळे करून चार-पाच दिवस डब्यात ठेवायचे, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळायचे, खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. व्हिडिओ दिवाळीत बऱ्यापैकी चालला, नंतर शांत झाला.

मग २०२३ चा जुलै आला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अधिक मासात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, म्हणजे साधारण तीन वर्षांत एकदा दिवाळीबाहेरही घराघरात अनारसे होतात, आणि त्या वर्षी ते भर पावसाळ्यात आले. जुना व्हिडिओ अचानक परत वर आला आणि कमेंट्सचा पाऊस सुरू झाला.

अडचण काय होती

सुनेने कमेंटचा भाव ओळखणाऱ्या कुठल्यातरी फुकटच्या टूलमधे सगळ्या कमेंट्स टाकून गोल चार्ट काढला होता, हिरवा म्हणजे खुश, लाल म्हणजे नाराज, करडा म्हणजे दोन्ही नाही. मोठा भाग हिरवा, थोडा करडा, बारीकशी लाल फाक. तिचा निष्कर्ष सरळ होता, लोकांना काकूंचं गोड आवडतंय, तर पुढचे तीन-चार व्हिडिओ गोडाचे करू, श्रावण आहेच. काकूंना मात्र ते पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, “अगं, रोज कुणीतरी विचारतंय काकू माझे हसले काय करू, आणि तुझा चार्ट म्हणतोय सगळं छान आहे?”

इथे एक गोष्ट. अनारसा हसला म्हणजे तुपात गेल्यावर फुटून पसरला, विरघळला. स्वयंपाकघरात हे सगळ्यांना माहीत आहे, टूलला माहीत असायचं काही कारण नाही.

मी ते टूल उघडून बघितलं तर आत व्हेडर नावाची, वाक्याचा भाव मोजणारी पद्धत होती. व्हेडर इंग्रजीसाठी आहे, त्यात शब्दांची यादी असते, प्रत्येक शब्दाला गुण, आणि शेवटी -१ ते +१ मधला एक आकडा निघतो. +०.०५ च्या वर गेला की पॉझिटिव्ह, -०.०५ च्या खाली गेला की निगेटिव्ह. मराठी कमेंट दिली की त्याला एकही शब्द ओळखता येत नाही, पण इमोजी ओळखता येतात कारण तो इमोजीचं इंग्रजी वर्णन करून त्याचे शब्द मोजतो. 😂 च्या वर्णनात joy येतं म्हणून तो आनंद. म्हणजे “काकू सगळे हसले 😂😂 कढईत नुसता गाळ” ही कमेंट हिरव्यात. आणि “अप्रतिम, आईची आठवण झाली” यात इमोजी नाही म्हणून करड्यात. थोडक्यात तो चार्ट काकूंच्या अनारशांचा नव्हताच, लोकांच्या कीबोर्डवरच्या इमोजींचा होता.

पण समजा टूल मराठी समजणारं असतं, तरी प्रश्न सुटला असता का, हा खरा मुद्दा आहे आणि मला वाटतं नसता सुटला. कारण “छान 👌” वाल्या शंभर कमेंट्स पुढचा विषय सांगतच नाहीत. आणि “तुम्ही सांगितलं तसंच केलं तरी बिघडले” ही कमेंट निगेटिव्ह आहे हे बरोबर ओळखलं तरी ती कशावर नाराज आहे, काकूंवर, रेसिपीवर, की स्वतःच्या कढईवर, हे कळल्याशिवाय काय करायचं?

कोणते पर्याय समोर होते

पहिला सुनेचा, गोडाची मालिका. दुसरा मागणी मोजायचा: लोक “पुरणपोळी दाखवा”, “श्रीखंड वडी दाखवा” असं लिहितातच, जे सगळ्यात जास्त वेळा मागितलंय ते करायचं. तिसरा, अनारशांचा अख्खा व्हिडिओ परत शूट करायचा. चौथा काकूंच्या डोक्यात होता, फक्त बिघडलेल्या अनारशांवर छोटा व्हिडिओ.

मागणी मोजायचा पर्याय ऐकायला बरा वाटतो आणि मी आधी त्याच बाजूला होते. पण चाळून बघितलं तर सगळ्यात जास्त मागणी पुरणपोळीची, आणि पुरणपोळीचा व्हिडिओ चॅनलवर आधीपासून आहे! म्हणजे ही विषयाची मागणी नाही, लोकांना व्हिडिओ सापडत नाहीये. त्यासाठी शूट नको, पिन केलेल्या कमेंटमधे लिंक आणि शेवटच्या स्क्रीनवर तो व्हिडिओ लावला की झालं. तेवढं त्याच संध्याकाळी केलं आणि पर्याय यादीतून काढला.

परत शूट करणं काकूंनी स्वतःच नाकारलं, आणि त्यांचं कारण पक्कं होतं. तांदूळ भिजवण्यापासून तळणीपर्यंत आठ-नऊ दिवस लागतात, व्हिडिओ येईपर्यंत अधिक मास अर्ध्यावर आणि मग बघणारीला स्वतःचे आठ-नऊ दिवस हवेत. जुलै संपायच्या आत जे टाकता येईल तेच उपयोगाचं.

टूलच्या बाबतीत पण निवड होती. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा महासेंट म्हणून डेटासेट आहे, २०२१ चा, सोळा हजारांच्या आसपास ट्वीट, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह-न्यूट्रल अशी लेबलं, आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं मिळतात. देवनागरीतल्या साध्या कमेंट्सवर ते व्हेडरपेक्षा कितीतरी बरं चाललं. पण आपल्याकडे अर्धी जनता “kaku maze anarse hasle” असं रोमनमधे टाईप करते, तिथे ते अडखळायचं, आणि ट्वीटच्या भाषेत गूळ-तूप फारसं नसतं. शिवाय लेबलं तीच तीन, “कशाबद्दल” हे त्यात नाहीच. म्हणून ठरवलं की मॉडेल फक्त ढोबळ चाळणीला वापरायचं, लेबलं हाताने लावायची. कमेंट्स हजार-बाराशे होत्या, लाखभर नव्हत्या. एवढ्यासाठी मॉडेल शिकवत बसण्यापेक्षा दोन माणसांनी दोन संध्याकाळी बसून वाचणं स्वस्त पडतं.

काय केलं

कमेंट्स यूट्यूबच्या एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीने काढल्या. `commentThreads.list` एका हाकेला १०० पर्यंत देतं आणि रोजच्या फुकट कोट्यात हे आरामात बसतं. एक खाच मात्र आहे, त्यात प्रत्येक कमेंटखालची उत्तरं सगळी येत नाहीत, थोडीच येतात. पूर्ण उत्तरांसाठी `comments.list` ला `parentId` देऊन वेगळं काढावं लागतं. बरेच लोक हे सोडून देतात. आमच्या केसमधे सगळा जीव त्या उत्तरांतच निघाला, ते पुढे येईलच. नावं लगेच काढून टाकली, पण प्रत्येक माणसाला एक नंबर ठेवला, कारण तीच बाई परत येऊन काय म्हणाली ते जोडायचं होतं.

मग लेबलं. प्रत्येक कमेंटला तीन रकाने: भाव काय, कशाबद्दल, आणि काही विचारलंय का. “कशाबद्दल” मधे चारच पर्याय ठेवले: काकू आणि व्हिडिओ, रेसिपी, स्वतः केलेला पदार्थ, बाकी. सून आणि मी वेगवेगळं लेबल लावलं आणि मग जुळवलं. भावावर आमचं जवळपास सगळीकडे जमलं, “कशाबद्दल” वर पहिल्या फेरीत चांगलीच भांडणं झाली. “तुमच्या मापाने केले, कडक झाले” हे रेसिपीत टाकायचं की पदार्थात? शेवटी नियम केला, माणूस माप किंवा कृती चुकीची आहे असं स्पष्ट म्हणत असेल तरच रेसिपी, नुसतं बिघडल्याचं सांगत असेल तर पदार्थ. नियम लिहून काढल्यावर दुसरी फेरी सुरळीत गेली. जिथे अडलं तिथे काकूंना विचारलं, कारण “जाळी पडली नाही” ही तक्रार किती गंभीर हे आम्हाला दोघींना कुठून कळणार.

बिघाडाच्या कमेंट्स पटकन वेगळ्या काढायला छोटीशी शोध-ओळ केली होती:

```python
BIGHAD = r"हसल|हसत|विरघळ|पसरल|ha+sa?(?:le|t)|virghal|कडक|kadak"
NAKO   = r"हसतमुख|हसत हसत|hasatmukh"
```

दुसरी ओळ लागलीच, कारण “काकू किती हसतमुख आहात” असं लिहिणारे पण खूप. पहिल्या ओळीने उचललेलं आणि दुसरीने न गाळलेलं हाताने वाचायचं, एवढंच त्याचं काम. “तुमचे कडक आवाजातले सल्ले आवडतात” असलं काहीतरी पण त्यात सापडलं, असो.

लाईक्सचं काय करायचं यावर थोडं थांबलो. “माझे पण हसले” या एका कमेंटला शेकड्याने लाईक्स होते, म्हणजे तितक्या जणींनी न लिहिता हात वर केला. पण वर दिसणाऱ्या कमेंटला अजून लाईक्स मिळतात, जुनीला जास्त, त्यामुळे सरळ लाईक्स मोजले तर एक-दोन कमेंट्सच सगळं ठरवतात. म्हणून वजन `1 + log2(1 + likes)` असं धरलं. यात ० लाईकचं वजन १ येतं, ७ लाईकचं ४, १२७ लाईकचं ८. आवाज मोठा राहतो पण बाकीच्यांना दाबत नाही.

तारखांनी उलगडा केला

इथपर्यंत आमच्याकडे काकूंना आधीच माहीत होतं तेवढंच होतं, लोकांचे अनारसे हसतायत. फरक पडला तो कमेंट्स तारखेवर पसरल्यावर.

पहिलं दिसलं ते साधं होतं. व्हिडिओ टाकल्यापासून पहिल्या आठवड्यात जवळजवळ निव्वळ कौतुक, मग भाव घसरत जातो. सून घाबरली होती की व्हिडिओ लोकांना आवडेनासा झालाय. पण विचार करा, तांदूळ तीन दिवस भिजणार, पीठ चार-पाच दिवस मुरणार, तर आठवड्याच्या आत कमेंट करणाऱ्या कुणीच या रीतीने अनारसे केलेले असू शकत नाहीत, फार तर तयार पीठ आणणारे. पहिल्या आठवड्यात बघणारे बोलतात, नंतर करणारे बोलतात. भाव घसरत नव्हता, बोलणारी माणसं बदलत होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पदार्थाला “इतके दिवस सोडून मग मोजा” असा आकडा ठेवतो, पोह्यांना तो शून्य असतो आणि अनारशांना आठ.

दुसरं दिसलं ते जास्त महत्त्वाचं. फक्त “स्वतः केलेला पदार्थ, निगेटिव्ह” एवढ्याच कमेंट्स घेतल्या आणि दिवाळीचा ढीग आणि जुलैचा ढीग शेजारी ठेवले. दिवाळीत तक्रार मुख्यतः कडक होण्याची, दगडासारखे झाले, दाताला लागतात. जुलैत कडकवाले अगदी थोडे, सगळे हसणारे. रेसिपी तीच, व्हिडिओ तोच, काकू त्याच. मग बदललं काय?

मी गुळाला दोष देत होते, काकूंनी एका वाक्यात सांगितलं, “पावसात तांदूळ वाळतोय कुठं?” खात्री करायला उत्तरांच्या धाग्यांत गेलो. काकू प्रत्येकीला विचारत होत्या, किती वेळ सुकवलं, आणि उत्तरं येत होती, “दोन तास पंख्याखाली, व्हिडिओत तसंच सांगितलंय.” बरोबर आहे, व्हिडिओत दोन तास म्हटलंय, पण तो शूट झाला ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत. जुलैत दोन तासांत तांदूळ ओलाच राहतो, पीठात पाणी जास्त, त्यात गूळ सुटतो, गोळा सैल होतो आणि तुपात पसरतो. उलट दिवाळीत ऊन-वारा असलेल्या घरी दोन तासांत तांदूळ खडखडीत वाळतो, पीठ कोरडं पडतं, म्हणून कडक. व्हिडिओने वेळ सांगितली होती, तांदूळ हाताला कसा लागला पाहिजे ते सांगितलं नव्हतं.

आणि परत आलेल्या बायका. नंबरामुळे हे जोडता आलं. “हसले” लिहिणारीला काकूंनी उत्तर दिलं, बाजूला ठेवलेलं थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून घाला, रात्रभर ठेवा, मग आधी एकच तळून बघा. काही दिवसांनी तीच लिहिते, “जमले काकू!” असे धागे मोजकेच होते, पण माझ्या मते सगळ्यात मोलाच्या कमेंट्स त्याच, कारण त्यात समस्या, उपाय आणि उपाय लागू पडल्याचा पुरावा तिन्ही एका जागी आहेत. कडकवाल्यांना थोडं पिकलेलं केळं किंवा चमचाभर दूध मळायला सांगितलं होतं, तिथेही काही जणी परत येऊन बरं म्हणाल्या. गूळ वाढवायचा सल्ला मात्र काकूंनी सुरुवातीला दोघींना दिला होता, त्यातली एकही परत आली नाही, म्हणून तो व्हिडिओत घेतला नाही.

ठरलं काय आणि झालं काय

विषय ठरला: पावसाळ्यात अनारशांचं पीठ, आणि आधीच हसणाऱ्या पिठाचं काय करायचं. दुरुस्ती आधी दाखवायची, कारण डबा भरून बिघडलेलं पीठ घेऊन बसलेलीला सुरुवातीपासूनची कृती ऐकायला वेळ नाही. सुनेला हे उलटं वाटत होतं, पण काकू ठाम राहिल्या. मग तांदळाची परीक्षा: मूठभर तांदूळ दाबायचा, हाताला ओल जाणवली पाहिजे पण हात ओला होता कामा नये, आणि दळलेल्या पिठाची मूठ वळली पाहिजे. घड्याळाचा उल्लेखच नाही. जेमतेम सहा मिनिटांचा व्हिडिओ, जुलै संपायच्या आत गेला, आणि जुन्या व्हिडिओत त्याची लिंक पिन केली.

व्ह्यूज जुन्या व्हिडिओच्या जवळपासही गेले नाहीत, तशी अपेक्षा पण नव्हती. जुन्या व्हिडिओखाली “हसले, काय करू” विचारणं ऑगस्टच्या सुरुवातीला बरंच कमी झालं. यातलं किती श्रेय नव्या व्हिडिओचं ते सांगता येत नाही, १६ तारखेला अधिक मास संपल्यावर करणाऱ्याच कमी झाल्या. पण नव्या व्हिडिओखाली “काल वाटलं टाकूनच द्यावं पीठ, वाचलं” अशा कमेंट्स आल्या, आणि गोडाच्या मालिकेतून हे आलं नसतं हे सुनेनेही मान्य केलं.

मग २०२३ ची दिवाळी आली, १२ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन, आणि नव्या व्हिडिओखाली कडकवाल्यांची गर्दी! पावसाळ्याचा व्हिडिओ बघून बायकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तांदूळ जास्तच वाळवला. व्हिडिओत “नीट वाळू द्या” तीनदा म्हटलंय, “जास्त वाळवू नका” एकदाच, तेही शेवटी. आणि शीर्षकात पावसाळा लिहिलंय, पण शोधून येणारी शीर्षक कुठे वाचते, ती थंबनेलवरचे न फुटलेले अनारसे बघते.

पुन्हा करायचं तर

दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या. एक, दिवाळीचा आणि जुलैचा ढीग आमच्यासमोर शेजारी होताच, तेव्हाच दोन्ही बाजूंचा व्हिडिओ करता आला असता, ओलं झालं तर हे, कोरडं झालं तर ते. पण घाईत जुलैचा प्रश्न सोडवणं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. दोन्ही घेतलं असतं तर सहा मिनिटांचे बारा झाले असते आणि दुरुस्ती मधेच कुठेतरी हरवली असती. मधला मार्ग म्हणजे पिन केलेल्या कमेंटमधे दोन ओळी, आणि आता दोन्ही व्हिडिओंखाली तसंच आहे: मूठ वळत नसेल तर दूध किंवा केळं, गोळा सैल असेल तर कोरडं पीठ.

दुसरी, ज्या परत आल्या नाहीत त्यांचं काय झालं हे आम्हाला कळत नाही. उपाय न चाललेली बाई बहुतेक लिहितच नाही, त्यामुळे “परत येऊन बरं म्हणाल्या” हा ढीग मुळातच गोड बाजूला झुकलेला आहे. काकू आता उत्तर देताना शेवटी “नाही जमलं तरी सांगा गं” असं लिहितात आणि त्याने न जमलेल्यांची उत्तरं खरंच यायला लागली आहेत, थोडी का होईना.

२०२३ नंतरचा अधिक मास २०२६ मधला, ज्येष्ठातला, १७ मे ते १५ जून. म्हणजे सुरुवातीला कडक ऊन आणि शेवटाला पावसाचं तोंड, दोन्ही तक्रारी एकाच महिन्यात. सुनेच्या शीटमधे त्याची ओळ आहे: पिन कमेंट मेच्या पहिल्या आठवड्यात वर आणायची, आणि जूनपासूनच्या कमेंट्स वेगळ्या ढिगात टाकायच्या.